पीडीएफमधला तक्ता नोंदवहीत नेताना

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला आणि सरकारी कार्यालयांना एक तक्ता जाहीर करणं बंधनकारक झालं. कोणती सेवा, किती दिवसांत, कोणता अधिकारी देणार, त्याने दिली नाही तर पहिलं अपील कोणाकडे आणि दुसरं कोणाकडे, हे सगळं त्या तक्त्यात असतं. लोकांना दाखल्यांसाठी मदत करणाऱ्या कार्यकर्त्याला, स्पर्धापरीक्षेच्या विद्यार्थ्याला किंवा बातमीदाराला तो सतत लागतो. तो मिळतो मात्र पीडीएफ स्वरूपात, आणि बहुतेकांना तो हवा असतो आपल्या नोंदवहीच्या अ‍ॅपमध्ये, म्हणजे ऑब्सिडियन, जॉप्लिन यांसारख्या ठिकाणी. तिथे शोधता येतं, दुवे जोडता येतात, शेजारी आपली टिपणं लिहिता येतात.

पीडीएफमधून मजकूर उचलून या अ‍ॅपमध्ये चिकटवला की काय होतं, हे अनेकांनी पाहिलेलं असतं. शीर्षक साध्या मजकुरात मिसळून जातं, कलमं एकमेकांना चिकटतात आणि तक्त्याच्या जागी शब्दांची एक लांबलचक रांग उरते. त्यात ‘५ दिवस’ कोणत्या सेवेचे, हे कळायला मार्ग नसतो. अ‍ॅप बदलून हा त्रास जात नाही, कारण तो मुळातच पीडीएफच्या घडणीत आहे.

अडोबी कंपनीने पीडीएफ १९९३ साली बाजारात आणलं. कागद कोणत्याही संगणकावर आणि कोणत्याही छपाईयंत्रावर जसाच्या तसा दिसावा, हा त्यामागचा हेतू. म्हणून पीडीएफच्या पोटात लिहिलेल्या असतात त्या चित्र काढण्याच्या सूचना. एका ओळीची सूचना साधारण अशी असते:

```
BT
/F1 12 Tf
72 700 Td
(Seva) Tj
ET
```

‘F1 नावाचा फॉन्ट १२ आकारात घे, पानाच्या डाव्या कडेपासून ७२ आणि खालच्या कडेपासून ७०० पॉइंटवर जा, तिथे ही अक्षरं काढ’, एवढंच इथे सांगितलं आहे. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. हे शीर्षक आहे, हा यादीतला तिसरा मुद्दा आहे, हा आकडा चौथ्या स्तंभातला आहे, असं इथे कुठेच लिहिलेलं नाही. तक्त्याच्या रेघासुद्धा नुसत्या रेघाच असतात. कोणता शब्द कोणत्या चौकटीचा, हे त्यांना ठाऊक नसतं. ही माहिती खुणांच्या रूपाने पीडीएफमध्ये घालण्याची सोय २००१ पासून आहे, पण फाइल तयार करणाऱ्याने ती वापरलेली असावी लागते.

मार्कडाउनचं बरोबर उलटं आहे. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली मांडलेल्या या पद्धतीत अक्षर कुठे आणि केवढं दिसावं हे नसतंच. ते काय आहे एवढंच लिहिलेलं असतं. ओळीच्या सुरुवातीला `#` असेल तर शीर्षक, `##` असेल तर उपशीर्षक, `-` असेल तर यादीतला मुद्दा. तक्ते मूळ मार्कडाउनमध्ये नव्हते, ते पुढच्या आवृत्त्यांनी आणले: उभ्या रेघांनी चौकटी वेगळ्या करायच्या आणि शीर्षकाच्या ओळीखाली डॅशची एक ओळ द्यायची.

म्हणजे एकीकडे फक्त जागा आणि दुसरीकडे फक्त रचना. त्यामुळे पीडीएफचं मार्कडाउन करणारं कोणतंही साधन जागेवरून रचनेचा अंदाज बांधतं. अक्षरं मोठी म्हणजे शीर्षक असावं, ओळ आत सरकली म्हणजे उपमुद्दा असावा, रेघांच्या मधलं ते चौकटीतलं असावं. आपल्याकडच्या कागदपत्रांत हे अंदाज नेमके कुठे चुकतात हे माहीत असलं, की काम निम्मं होतं.

आधी अक्षरं तपासा

रचनेकडे वळण्याआधी एक चाचणी करावी. पीडीएफमधली एक पूर्ण ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवावी. ओळ निवडताच आली नाही, तर पान स्कॅन केलेलं आहे, म्हणजे ते छायाचित्र आहे. ‘शासन’ या शब्दाऐवजी `'kklu` असं काही उमटलं, तर मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. तिथे इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप दिलेलं असतं.

तिसरी शक्यता जास्त फसवी आहे. मजकूर मराठीच दिसतो, पण ‘निर्णय’चं `िनणर्य` होतं आणि ‘कार्य’चं `कायर्`. पानावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे काढलेली असते, रफार अक्षराच्या डोक्यावर उजवीकडे असतो. युनिकोडमध्ये मात्र वेलांटी अक्षरानंतर आणि रफाराचा र अक्षराच्या आधी लिहितात. पीडीएफने ज्या क्रमाने आकार काढले त्याच क्रमाने ते उचलले गेले, की शब्द असे मोडतात. नोंदवहीत पुढे ‘निर्णय’ शोधलं, तर हा मजकूर कधीच सापडणार नाही.

या तिन्ही प्रकारांत रचना सुधारण्यात अर्थ नाही. आधी अक्षरं नव्याने ओळखून घ्यावी लागतात. अक्षरओळख पानाचं चित्र पाहून होते, आतला फॉन्ट तिच्या आड येत नाही. `ocrmypdf` हे मोफत साधन टेसेरॅक्टच्या मराठी भाषा-फाइलसह बसवलेलं असेल, तर एका आज्ञेत काम होतं:

```
ocrmypdf -l mar+eng --force-ocr --sidecar seva.txt seva.pdf seva-ocr.pdf
```

`mar+eng` म्हणजे मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं ओळख. `--force-ocr` म्हणजे आधीचा मोडका मजकूर विसरून सगळं नव्याने वाच. ओळखलेला मजकूर `seva.txt`मध्ये वेगळाही मिळतो. आज्ञा लिहायच्या नसतील, तर पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सने उघडावी. मजकूर ओळखला जातो आणि २०२४ पासून डॉक्समधून थेट मार्कडाउन उतरवूनही घेता येतं. पण या वाटेत तक्ते आणि याद्या बहुधा टिकत नाहीत, शीर्षकंही भरवशाची नसतात. स्कॅन केलेला लहान तक्ता असेल, तर पानाकडे पाहून हाताने टाइप करणं हाच मार्ग सर्वांत वेगवान ठरतो.

वर्डचा मधला मुक्काम

चाचणीत अक्षरं नीट आली, तर पुढचा रस्ता सोपा आहे. मार्कडाउनच्या जगात सर्वांत विश्वासाचं परिवर्तक म्हणजे पॅनडॉक. बर्कलीचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी ते लिहिलं आणि ते मोफत आहे. पण पॅनडॉक पीडीएफ तयार करू शकतं, वाचू शकत नाही. म्हणून मध्ये वर्डचा मुक्काम करावा लागतो. वर्ड २०१३ आणि त्यापुढची आवृत्ती पीडीएफ उघडून तिचं संपादन करता येईल असं रूप देते. ते `.docx` म्हणून साठवायचं आणि मग:

```
pandoc seva.docx -t gfm --wrap=none -o seva.md
```

इथे `gfm` म्हणजे तक्त्यांची सोय असलेलं मार्कडाउन, तर `--wrap=none`मुळे परिच्छेद मध्येच ओळी तोडत नाही. तयार झालेली `seva.md` ऑब्सिडियनच्या फोल्डरमध्ये ठेवली की ती नोंद म्हणून दिसते. जॉप्लिनमध्ये ती आयात करावी लागते.

या मुक्कामाचा खरा फायदा असा, की चुका डोळ्यांनी दिसतात तिथेच सुधारता येतात. शीर्षकाच्या बाबतीत हे फार उपयोगी पडतं. पॅनडॉक अक्षराचा आकार पाहत नाही. वर्डमध्ये त्या ओळीला `Heading 1` किंवा `Heading 2` ही शैली दिलेली आहे का, एवढंच ते बघतं.

आता आपल्या शासन निर्णयांची पद्धत आठवा. ‘वाचा :-’, ‘प्रस्तावना :-’, ‘शासन निर्णय :-’ ही शीर्षकंच असतात, पण बहुतेक वेळा ती मजकुराच्याच आकारात, फक्त ठळक आणि अधोरेखित असतात. आकारावरून अंदाज बांधणारं साधन इथे हमखास चुकतं आणि शीर्षकाऐवजी ठळक मजकूर हाती देतं. उलट, कार्यालयाचं नाव आणि पत्ता मोठ्या अक्षरांत असल्यामुळे त्यालाच मुख्य शीर्षक ठरवतं. वर्डमध्ये असं एक शीर्षक निवडून `Select` मधलं `Select All Text With Similar Formatting` दाबलं, की तशी दिसणारी सगळी शीर्षकं एकदम निवडली जातात. आधी `Ctrl+Space` दाबून ठळकपणा आणि अधोरेखन काढायचं, मग `Ctrl+Alt+2` दाबून दुसऱ्या पातळीची शैली द्यायची. ठळकपणा काढला नाही, तर मार्कडाउनमध्ये `## **प्रस्तावना**` असं दुहेरी बंधन येतं.

याच मुक्कामात प्रत्येक पानाच्या डोक्यावरचा शासन निर्णय क्रमांक आणि तळाचं ‘पृष्ठ ४ पैकी २’ काढून टाकावं. ते राहिलं, तर पानाच्या शेवटी अर्धं राहिलेलं वाक्य आणि पुढच्या पानावरचा त्याचा उरलेला भाग यांच्या मध्ये जाऊन बसतं.

कलमांचे क्रमांक बदलू देऊ नका

यादीच्या बाबतीत मार्कडाउनची एक खोड मराठी वाचकाने ओळखून असावं. क्रमांकित यादी म्हणून ते फक्त `1.` किंवा `1)` ओळखतं. ‘१.’, ‘२.’ हे देवनागरी आकडे किंवा ‘अ)’, ‘ब)’ ही अक्षरं त्याच्या लेखी साधा मजकूर आहे. अशा ओळी एकाखाली एक आल्या, मध्ये रिकामी ओळ नसली, तर प्रमाण मार्कडाउन त्या जोडून त्यांचा एकच परिच्छेद करतं.

मग देवनागरी आकडे बदलून `1.`, `2.` करावेत का? किराणा यादीसाठी चालेल, कायद्यासाठी चालणार नाही. कारण मार्कडाउन यादीतला फक्त पहिला आकडा मानतं आणि पुढचे स्वतः मोजतं. समजा, मूळ कागदात आठवं कलम वगळलेलं आहे आणि आपण असं लिहिलं:

```
6. सहावे कलम
7. सातवे कलम
9. नववे कलम
```

वाचताना पडद्यावर ६, ७, ८ असं दिसेल. नववं कलम गुपचूप आठवं झालं. अपिलाच्या अर्जात कलमाचा क्रमांक या नोंदीवरून लिहिणाऱ्याला हे महागात पडेल.

म्हणून कायदा, अधिसूचना, पोटनियम अशा कागदांत मूळ क्रमांक मजकुराचा भाग म्हणून तसाच ठेवावा आणि त्याच्या आधी यादीची खूण द्यावी. उपमुद्दा चार जागा आत सरकवावा:

```
- ७. पदनिर्देशित अधिकारी अर्जाची पोच देईल.
    - अ) पोचपावतीवर तारीख असेल.
    - ब) पोचपावतीवर मुदत असेल.
- ९. मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करता येईल.
```

हा मजकूर नमुन्याचा आहे, पण पद्धत कुठेही चालते. शंभर कलमं हाताने करायची गरज नाही. व्हीएस कोडसारख्या संपादकात शोधा-आणि-बदला उघडून त्यातला `.*` हा पर्याय चालू करावा. शोधण्याच्या जागी `^([०-९]+)[.)]\s+` आणि बदलाच्या जागी `- $1. ` लिहिलं, की ओळीच्या सुरुवातीचे सगळे देवनागरी क्रमांक यादीत बसतात. उपमुद्द्यांसाठी `^([अ-ह])\)\s+` शोधून त्याच्या जागी `    - $1) ` घालावं. पॅनडॉकने काही ठिकाणी वर्डमधली आपोआप क्रमांक देणारी यादी ओळखून `1.`, `2.` असं लिहिलं असेल, तर ती जागा मूळ पीडीएफशी ताडून हाताने बदलावी लागते.

तक्ता: जोडलेल्या चौकटींची अडचण

आता सुरुवातीच्या तक्त्याकडे येऊ. ग्रामपंचायतीच्या सेवांचा तक्ता घेतला, तर सेवा अनेक असतात, पण त्या देणारा अधिकारी आणि अपील ऐकणारा अधिकारी बहुतेक ओळींत तोच असतो. म्हणून टंकलेखक ‘ग्रामसेवक’ प्रत्येक ओळीत न लिहिता सगळ्या ओळींची मिळून एक उभी चौकट करतो आणि तिच्या मधोमध नाव लिहितो. माणसाला ते लगेच कळतं. मार्कडाउनच्या तक्त्यात मात्र जोडलेली चौकट करण्याची सोयच नाही. एका चौकटीत दोन परिच्छेदही बसत नाहीत.

पॅनडॉक अशा वेळी खोटा तक्ता करत नाही, ही त्याची चांगली गोष्ट. साधा तक्ता शक्य नसेल, तर ते वेबपानाच्या भाषेत तक्ता लिहून देतं. `seva.md` उघडल्यावर असं काही दिसलं, तर ती खूण समजावी:

```
<td rowspan="2">ग्रामसेवक</td>
```

ऑब्सिडियन असा तक्ताही दाखवतं, पण त्याच्या आत दुवे आणि ठळक अक्षरं मार्कडाउनच्या पद्धतीने चालत नाहीत, आणि संपादन करणं जिकिरीचं होतं. त्यापेक्षा वर्डमध्ये परत जाऊन मूळ कारण दूर करावं. जोडलेली चौकट `Split Cells`ने ओळींइतकी विभागायची आणि अधिकाऱ्याचं नाव प्रत्येक ओळीत भरायचं. मग तक्ता निवडून शोधा-आणि-बदलामध्ये `^p` च्या जागी एक मोकळी जागा घालायची. त्याने चौकटीच्या आत तुटलेल्या ओळी जुळतात. तक्ता दुसऱ्या पानावर गेला असेल, तर मधला रिकामा परिच्छेद काढून दोन्ही तुकडे जोडायचे आणि पुन्हा आलेली शीर्षकाची ओळ खोडायची. शेवटी `Table Design`मध्ये `Header Row` वर खूण आहे ना, हे पाहायचं. ती नसेल, तर मार्कडाउनमध्ये शीर्षकाची ओळ रिकामी येते आणि खरी शीर्षकं पहिली सेवा असल्यासारखी खाली जातात.

आज्ञा पुन्हा चालवली, की हाती येतं ते असं. दिवस आणि पदनामं इथे नमुन्यादाखल आहेत. प्रत्यक्ष मुदत अधिसूचनेतच पाहावी.

```
| क्र. | सेवा | मुदत | अधिकारी | प्रथम अपील |
|---|---|---|---|---|
| १ | जन्म नोंद दाखला | ५ दिवस | ग्रामसेवक | सहायक गटविकास अधिकारी |
| २ | मृत्यू नोंद दाखला | ५ दिवस | ग्रामसेवक | सहायक गटविकास अधिकारी |
```

नाव प्रत्येक ओळीत पुन्हा आल्याचा आणखी एक फायदा असतो: शोध घेतला तर सापडलेली ओळ एकटीसुद्धा पूर्ण अर्थाची असते. सहा-सात स्तंभांचा रुंद तक्ता मोबाइलवर वाचता येत नाही. तो करण्याऐवजी प्रत्येक सेवेला `###` शीर्षक द्यावं आणि खाली मुदत, अधिकारी, दोन्ही अपिलं अशी चार मुद्द्यांची यादी करावी. माहिती तीच राहते, फक्त मांडणी बदलते.

तक्ता चुकल्याचं ओळखायचं कसं? पहिल्या स्तंभात रिकाम्या चौकटी दिसल्या, तर बहुधा एकाच सेवेचं नाव दोन ओळींत तुटलेलं आहे. अख्खा तक्ता रेघांचा मजकूर म्हणूनच दिसत असेल, तर शीर्षकाच्या ओळीतल्या आणि डॅशच्या ओळीतल्या चौकटींची संख्या जुळत नाही, किंवा तक्त्याच्या वर रिकामी ओळ नाही. सर्वांत धोक्याची चूक मात्र दिसतच नाही. एखाद्या ओळीत शीर्षकापेक्षा एक चौकट जास्त झाली, उदाहरणार्थ मजकुरातच कोणी `|` टाइप केलेलं असलं, तर शेवटची चौकट वाचताना नुसती गळून जाते. तसं चिन्ह मजकुरात हवंच असेल, तर ते `\|` असं लिहावं.

शेवटची तपासणी

काम संपलं म्हणण्याआधी चार गोष्टी मूळ पीडीएफशेजारी ठेवून पाहाव्यात. नोंदवहीच्या अ‍ॅपमधली शीर्षकांची रूपरेषा उघडून ती मूळ कागदाच्या क्रमाशी जुळते का. शेवटच्या कलमाचा क्रमांक तोच आहे का. तक्त्यातल्या ओळींची संख्या आणि शेवटची ओळ बरोबर आहे का. आणि `(^|\s)ि` असा शोध घेतल्यावर, मोकळ्या जागेनंतर सुटी पडलेली वेलांटी कुठे सापडते का. सापडली, तर अक्षरांची पहिली चाचणी अर्धवट झाली होती, असं समजावं. नोंदीच्या वर मूळ पीडीएफचं नाव, तारीख आणि पान क्रमांक लिहून ठेवावेत, आणि पीडीएफसुद्धा जपावी. मार्कडाउन आपल्या अभ्यासासाठी. अर्जात किंवा अपिलात आधार मूळ कागदाचाच द्यायचा.

हा सगळा खटाटोप वाचवता येतो, पण तो कागद तयार करणाऱ्याच्या टेबलावर. म्हणून कार्यालयातल्या टंकलेखकांना, शिक्षकांना आणि गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांना एक विनंती. वर्डमध्ये शीर्षकाला ठळक आणि अधोरेखित करण्याऐवजी `Heading` शैली द्या. युनिकोडमध्ये लिहा. तक्त्यातल्या चौकटी शक्यतो जोडू नका. पीडीएफ साठवताना `Options` मध्ये `Document structure tags for accessibility` ही खूण चालू ठेवा. तीच खूण दृष्टिहीन वाचकाच्या वाचनयंत्रालाही शीर्षक कुठलं आणि चौकट कुठली, हे सांगते. आणि कोणी मागितली, तर पीडीएफसोबत मूळ `.docx` फाइलही द्या.